पावसाळा आला की रायफलचा झिरो का हलतो? लाकडी स्टॉक, सिंथेटिक स्टॉक आणि आपली सोलापूरची हवा

सप्टेंबरात हा प्रश्न हमखास येतो म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय. एप्रिल-मे मध्ये रायफल ५० मीटरवर मस्त झिरो केलेली असते, मग मधे दोन-तीन महिने हात लावला नाही, आणि परतीचा पाऊस सुरू झाल्यावर बाहेर काढून पाच गोळ्या मारल्या तर सगळ्या डावीकडे. किंवा उजवीकडे. मग स्कोपचे क्लिक फिरवायचे, झिरो परत जुळवायचा आणि डिसेंबरात तीच रायफल उलट्या बाजूला मारायला लागते, मग परत क्लिक. काही जण वर्षानुवर्षं हेच करतायत, आणि मधल्या मधे "लाकूड बेकार, सिंथेटिक स्टॉक घ्या" असा सल्ला देणारे पण भेटतातच. तो सल्ला अर्धाच बरोबर आहे, का ते पुढे येईल.

हे सगळं .२२ च्या बोल्ट अॅक्शन रायफलबद्दल आहे, म्हणजे आपण पॉइंट टू-टू म्हणतो ती, ज्यात अॅक्शन दोन स्क्रूंनी स्टॉकला बसवलेली असते आणि स्टॉकचा पुढचा भाग, म्हणजे फोरएंड, बॅरलच्या खाली लांब गेलेला असतो. ब्रेक-बॅरल एअर रायफलचं गणित वेगळं, तिथे बॅरल स्टॉकमध्ये बसतच नाही, तिथे बहुतेक वेळा फक्त स्टॉकचे स्क्रू ढिले होतात.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण इथेच लोक घाई करतात. स्टॉकला दोष द्यायच्या आधी बाकीचं तपासा. स्कोपचे माउंट आणि रिंग घट्ट आहेत का, गोळ्या त्याच लॉटच्या आहेत का (लॉट बदलला तरी .२२ मध्ये मार चांगलाच हलतो), आणि बॅरल साफ करून पहिल्या पाच-दहा गोळ्या बाजूला सोडल्या का. हे तिन्ही ठीक असेल तरच पुढे वाचा.

आता टार्गेटकडे नीट बघा, कारण टार्गेटच अर्धं उत्तर देतं. ग्रुप आधीसारखाच घट्ट आहे पण सगळाच्या सगळा एका बाजूला सरकलाय, असं असेल तर बॅरलला कुठेतरी काहीतरी सारखं एकाच बाजूने टेकतंय, आणि ते बहुतेक वेळा फोरएंडच असतं. ग्रुप फुटलाय, दोन-दोन झुबके पडतायत, तीन गोळ्या इथे आणि दोन तिथे, तर अॅक्शन स्टॉकमध्ये हलतीये, म्हणजे स्क्रू ढिले झालेत नाहीतर बेडिंग, म्हणजे स्टॉकमध्ये अॅक्शन ज्या जागेवर बसते ती, खराब आहे. दोन्हींचं मूळ एकच असू शकतं पण दुरुस्ती वेगळी आहे, म्हणून हा फरक आधी करा.

आता मूळ कारणाकडे येतो. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं, पावसाळ्यात घराचं दार फुगून चौकटीत अडकतं तसंच. आपला जिल्हा पर्जन्यछायेचा, त्यामुळे मुंबई-कोकणासारखी बारा महिने दमट हवा आपल्याकडे नाही, पण म्हणूनच आपल्याकडे त्रास जास्त होतो हे कुणी लक्षात घेत नाही. मे महिन्यात दुपारी पारा ४२-४३ वर आणि हवेत आर्द्रता २०-२५ टक्के, अशा हवेत खूप दिवस राहिलेल्या लाकडात ओलावा साधारण ५-६ टक्क्यांवर येतो. सप्टेंबरात सलग पाऊस लागला, सकाळची आर्द्रता ८५ च्या पुढे गेली आणि तशी हवा टिकली तर तेच लाकूड १५-१६ टक्क्यांच्या दिशेने निघतं. कोकणात लाकूड वर्षभर थोडंफार फुगलेलंच राहतं, आपल्याकडे मात्र ते दरवर्षी पूर्ण आकसतं आणि परत फुगतं.

लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, रुंदीत बदलतं. अक्रोडाचं लाकूड घेतलं तर ओलावा १ टक्क्याने वाढला की रुंदीत साधारण पाव टक्का वाढ धरा, रेषांच्या दिशेप्रमाणे थोडं कमी-जास्त. ऐकायला काहीच नाही वाटत. पण ४५ मिलिमीटर रुंदीच्या फोरएंडमध्ये ओलावा साडेचार टक्क्यांनी वाढला तर ते अर्धा मिलिमीटर होतं, आणि बॅरल आणि लाकडामध्ये कित्येक स्टॉकमध्ये एवढी पण जागा ठेवलेली नसते.

पण नुसतं फुगणं हा खरा गुन्हेगार नाही, कारण सगळीकडून सारखं फुगलं असतं तर बॅरल मधेच राहिली असती. खरी गोची स्टॉकच्या आत आहे. कंपनीचा स्टॉक बाहेरून छान पॉलिश केलेला असतो, चकचकीत, पण बॅरल ज्या खाचेत बसते ती खाच, मॅगझिनची पोकळी, स्क्रूची भोकं आणि बट पॅडच्या मागचा काप, या सगळ्या जागा बऱ्याच स्टॉकमध्ये कोऱ्या लाकडाच्याच ठेवलेल्या असतात. मग होतं काय की ओलावा बाहेरून फारसा जाऊ शकत नाही, तो आतून शिरतो, म्हणजे फोरएंडचा वरचा-आतला भाग फुगतो आणि खालचा-बाहेरचा तसाच राहतो. त्यात लाकडाच्या रेषा थोड्या तिरक्या असल्या (आणि नक्षीदार, महागड्या लाकडात त्या तिरक्याच असतात) तर फोरएंड हळूहळू एका बाजूला वाकतो आणि टोकाला बॅरलला टेकतो. उजवीकडून टेकला तर बॅरलला डावीकडे ढकलतो, आणि मार बहुतेक वेळा डावीकडेच जातो.

आमच्यातले एक वकीलकाका आहेत, त्यांच्याकडे जुनी अक्रोडाच्या स्टॉकची .२२ आहे. गेल्या पावसाळ्यात त्यांचं टार्गेट बघितलं तर पाच गोळ्यांचा ग्रुप मस्त, १८ मिलिमीटरच्या आसपास, पण मधोमधपासून ३ सेंटिमीटर डावीकडे आणि जरासा वर. काका म्हणाले, "आठ क्लिक उजवीकडे घेतो, झालं." पाव मिनिटाच्या क्लिकला ५० मीटरवर साधारण साडेतीन मिलिमीटर सरकतं, म्हणजे आठ क्लिकचा हिशेब बरोबरच होता. मी म्हटलं, "काका, थांबा की जरा. गेल्या दिवाळीनंतर तुम्ही हेच आठ क्लिक डावीकडे घेतले होते, वहीत लिहिलंय बगा." त्यांची वही चोख असते, त्यात खरंच होतं.

मग कागदाची चाचणी केली. ही सगळ्यात सोपी. रायफल रिकामी करा, बोल्ट बाहेर काढा, चेंबरमध्ये डोळ्याने बघा आणि बोटाने पण तपासा, गोळ्या टेबलावरून दूर ठेवा. मग एक साधा कागद पट्टी करून बॅरलच्या खालून घ्या, दोन्ही टोकं धरा आणि फोरएंडच्या टोकापासून अॅक्शनकडे सरकवत न्या. काकांच्या रायफलमध्ये कागद डावीकडून सरळ आत गेला आणि उजवीकडे टोकापासून चार बोटांवरच अडकला, ओढला तर फाटला. ग्रुप डावीकडे, टेकण उजवीकडे. जुळलं.

यानंतर अॅक्शन काढून स्टॉक मोकळा केला. बॅरलच्या खाचेत बघितलं तर कोरं लाकूड, आणि उजव्या काठाला टोकाजवळ बोटभर लांबीचा काळसर, घासून चकचकीत झालेला डाग. तिथेच बॅरल टेकत होती. बट पॅडचे दोन स्क्रू काढले तर मागचा काप पण कोराच, करडा पडलेला. इथून ओलावा सगळ्यात पटकन शिरतो कारण लाकडाच्या नळ्या इथे उघड्या असतात.

आणि मग केलं ते कुणीच करत नाही, पण सगळ्यांनी करावं असं मला मनापासून वाटतं: स्टॉकचं वजन. नुसता स्टॉक, पॅड आणि हार्डवेअर काढून, किचनच्या डिजिटल काट्यावर. तेव्हा ११४८ ग्रॅम भरला. घरात पंख्याखाली नाही, उन्हात तर नाहीच, नुसता कपाटाच्या वर आडवा ठेवून दिला, दिवाळी होऊन गेली, हवा कोरडी झाली, आणि परत वजन केलं तर ११०० च्या आसपास आला आणि तिथेच थांबला. जवळजवळ ५० ग्रॅम पाणी गेलं. ११०० ग्रॅमच्या लाकडात ५० ग्रॅम म्हणजे साडेचार टक्के, वर अर्ध्या मिलिमीटरचं गणित दिलंय ते ह्याच स्टॉकचं. कागदाची पट्टी तेव्हा दोन्हीकडून सरळ गेली, घासलेला डाग होता तिथे पण. म्हणजे निदानाबद्दल शंकाच राहिली नाही.

वाळवायची घाई करू नका. हेअर ड्रायर, उन्हात गच्चीवर, बल्बखाली, असलं काही नको, बाहेरचा थर आधी आकसतो, आतला फुगलेलाच असतो आणि मग मनगटाजवळ (म्हणजे ट्रिगरच्या मागचा बारीक भाग) तडा जातो. वजन आठवड्याने करत राहा, लागोपाठ दोनदा सारखं आलं की वाळला.

आता दुसरी बाजू, स्क्रूंची, कारण आपल्या हवेत हा भाग जास्त नुकसान करतो. मे मध्ये लाकूड आकसतं तेव्हा अॅक्शन स्क्रू आपोआप ढिले होतात, कारण स्क्रूने अॅक्शन आणि ट्रिगर गार्डच्या मधे लाकूड दाबून धरलेलं असतं आणि तेच बारीक झालेलं असतं. माणूस काय करतो, स्क्रू घट्ट करतो. रास्तच आहे. पण पावसात लाकूड परत फुगतं, स्क्रू काही लांब होत नाही, मग फुगणाऱ्या लाकडाला जागाच नसते आणि स्क्रूभोवतीचे धागे चिरडले जातात. चिरडलेलं लाकूड परत आधीसारखं उभं राहत नाही. पुढच्या मे मध्ये ते आधीपेक्षा जास्त ढिलं, परत घट्ट करायचं, परत चिरडायचं. दरवर्षी थोडं थोडं अॅक्शन लाकडात खोल बसत जाते, आणि एक वर्ष असं येतं की स्क्रू पूर्ण आवळला तरी ग्रुप फुटतो.

हे ओळखायचं कसं? रायफल रिकामी, नळीचं तोंड वर करून बट जमिनीवर टेकवा, एका हाताचं बोट असं ठेवा की अर्धं फोरएंडच्या टोकावर आणि अर्धं बॅरलवर येईल, आणि दुसऱ्या हाताने पुढचा अॅक्शन स्क्रू हळूहळू ढिला-घट्ट करा. बोटाला बॅरल सरकल्याचं जाणवलं तर अॅक्शन आत सपाट बसलेली नाही, स्क्रू तिला वाकवून बसवतोय. डायल गेज असेल तर ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त हलायला नको. बेडिंग चांगलं असेल तर बोटाला काहीच कळत नाही.

दुरुस्ती आता. तीन कामं आहेत आणि क्रम महत्त्वाचा आहे.

पहिलं म्हणजे खाच मोकळी करणं. स्टॉक वाळल्यावरच करा. गोल काठीला ८० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळा, काठी बॅरलपेक्षा थोडी जाड हवी, आणि खाच सगळीकडून सारखी घासा, नुसत्या टेकलेल्या डागापाशी नको कारण पुढच्या वर्षी फोरएंड दुसरीकडे वाकू शकतो. दोन्ही बाजूंनी आणि खालून दीड-दोन मिलिमीटर मोकळी जागा ठेवा. दिसायला थोडी फट दिसते, काही लोकांना ते आवडत नाही, पण कागदाएवढी फट ठेवणं आपल्या हवेत पुरत नाही. अॅक्शनच्या खालचा भाग मात्र अजिबात घासू नका.

दुसरं, आतून सील करणं. इथे बरेच जण जवसाचं तेल लावतात, बॉइल्ड लिनसीड. दिसायला सुंदर, हाताला सुंदर, पण हवेतला ओलावा रोखायला ते फार कमी कामाचं आहे. पेंटच्या दुकानात फर्निचरचं पीयू मिळतं ते घ्या, पहिला हात थिनरने चांगला पातळ करून, म्हणजे तो लाकडात मुरेल, आणि नंतर दोन-तीन हात नेहमीचे, मधे सुकू द्यायचं आणि हलकं घासायचं. खाच, मॅगझिनची पोकळी, स्क्रूची भोकं (कान साफ करायच्या काडीने), आणि बट पॅडच्या मागचा काप, तिथे तर पितं तेवढं पाजा. लाख पॉलिश करणारे सुतार आहेत आपल्याकडे आणि काम छान करतात, पण पाणी लागलं की त्यावर पांढरे डाग उठतात म्हणून रायफलला मी सांगत नाही. आणि एक लक्षात ठेवा, कुठलंही फिनिश ओलावा पूर्ण थांबवत नाही, हळू करतं. सलग दोन महिने दमट हवेत ठेवलं तर शेवटी आत जाणारच. पण दोन-चार दिवसांच्या पावसाने जो झटका बसायचा तो बसत नाही.

तिसरं काम पिलर आणि बेडिंग, हे स्क्रूच्या दुखण्यावरचं औषध. पिलर म्हणजे अॅल्युमिनियमची नळी, स्क्रूच्या भोकात बसवायची, एक टोक अॅक्शनला आणि दुसरं ट्रिगर गार्डला टेकेल अशी. मग स्क्रू आवळला की धातू धातूवर आवळतो, लाकूड फुगो नाहीतर आकसो, स्क्रूवरचा ताण तोच राहतो. एमआयडीसीत कुठलाही लेथवाला अॅल्युमिनियमच्या रॉडमधून करून देतो, बाहेरून १२ मिलिमीटर, आतून स्क्रूपेक्षा १ मिलिमीटर मोठं, म्हणजे स्क्रू नळीच्या भिंतीला घासणार नाही. लांबी मोजायची ती वाळलेल्या स्टॉकवर. बारीक स्टॉक असेल तर १० मिलिमीटरचा करा.

बेडिंग करायचं म्हणजे अॅक्शनच्या खाली लाकडात इपॉक्सी भरून तिचा नेमका साचा घ्यायचा, त्याला स्लो सेटिंगचं इपॉक्सी घ्या, पाच मिनिटांत सुकणारं नको. बॅरलवर फोरएंडच्या टोकाजवळ इन्सुलेशन टेपचे वेढे घालून बॅरल खाचेत मधोमध येईल असं करा. अॅक्शनच्या सगळ्या धातूला, स्क्रूंना सुद्धा, मेणाचं पॉलिश दोनदा लावा, अगदी कोपऱ्यात पण, नाहीतर अॅक्शन स्टॉकमध्ये कायमची चिकटेल आणि मग रडायची वेळ. ट्रिगरची पोकळी आणि जिथे इपॉक्सी जायला नको ती भोकं लहान पोरांच्या खेळण्यातल्या क्लेने बुजवा. स्क्रू फक्त टेकतील एवढेच लावा, आवळू नका, आवळलं तर वाकलेली अॅक्शनच तशी साच्यात बसते. एक पूर्ण दिवस राहू द्या. हे काम हिवाळ्यात करा, मे मध्ये नको, कारण तापमान १० अंशांनी वाढलं की इपॉक्सी साधारण निम्म्या वेळात घट्ट व्हायला लागतं, ४२ अंशात मिसळेपर्यंतच ते दोऱ्या ओढायला लागतं.

शेवटी स्क्रू कंपनीने सांगितलेल्या टॉर्कवर, माहीत नसेल तर पिलर बसवलेल्या .२२ ला ३ न्यूटन-मीटरच्या आसपास ठीक असतं. बिना पिलरच्या लाकडाला त्याहून थोडं कमीच.

महत्त्वाचं: सुताराकडे किंवा लेथवाल्याकडे फक्त लाकूड आणि पिलर न्या. अॅक्शन-बॅरल घरी, कुलुपात. लायसन्सची रायफल दुसऱ्याच्या दुकानात "राहू दे दोन दिवस" म्हणून सोडता येत नाही, आणि रायफलची दुरुस्ती करायला आर्म्स अॅक्टप्रमाणे त्या माणसाकडे स्वतःचं लायसन्स लागतं. झिरो तपासायचा तो पण रेंजवरच.

काकांची रायफल ह्या पावसाळ्यात सात-आठ मिलिमीटरपेक्षा जास्त हलली नाही, दोन क्लिक, आणि ग्रुप तोच. स्टॉकचं वजन पण जेमतेम १५ ग्रॅम वाढलं.

आता सिंथेटिकचा विषय, कारण "एवढं सगळं करण्यापेक्षा नवीन स्टॉकच बसवतो" असं म्हणणारे खूप आहेत. ओलाव्याच्या बाबतीत त्यांचं बरोबरच आहे, त्यात वाद नाही. फोरएंड पावसात वाकत नाही, चिखल लागला तर पुसून टाका, झालं. पण सिंथेटिक म्हणजे एकच वस्तू नाही. साच्यात ओतलेला प्लास्टिकचा स्टॉक वेगळा आणि फायबरग्लास किंवा कार्बनचं कापड इपॉक्सीत बसवून केलेला वेगळा, आणि स्वस्तात मिळतो तो पहिला.

पहिल्याचा दोष असा की त्याचा फोरएंड आतून पोकळ असतो, पातळ भिंती आणि मधे आडव्या पट्ट्या. दोन बोटांनी फोरएंड आणि बॅरल एकत्र दाबून बघा, दुकानातच बघा, किती सहज टेकतं. आमच्याकडे एक पोरगा आहे, कॉलेजातला, त्याच्या रायफलला असा स्टॉक. पावसात त्याचा झिरो हलत नाही, पण सँडबॅगवर ठेवून मारलं की एक झिरो आणि स्लिंग ताणून प्रोनमध्ये मारलं की दुसरा. त्याला वाटलं स्कोप गेला. स्लिंग ताणल्यावर कागद फिरवला तर डाव्या बाजूला अडकला, स्लिंग सोडली की मोकळा. म्हणजे आजार तोच, टेकणं, फक्त कारण हवा नाही तर हाताचा दाब. आणि मे मध्ये बंद गाडीत रायफल राहिली तर असा प्लास्टिकचा फोरएंड अजूनच लवतो. त्याला सांगितलं पोकळीत दोन अॅल्युमिनियमच्या पट्ट्या इपॉक्सीत बसव. पण त्यात पण अडचण आहे, काही प्लास्टिकला इपॉक्सी नीट धरतच नाही, विशेषतः पॉलिप्रॉपिलीन असेल तर. म्हणून भिंतीत आतून तिरकी-तिरकी तीन मिलिमीटरची न आरपार जाणारी भोकं करायची आणि खरखरीत घासायचं, म्हणजे इपॉक्सी भोकात शिरून अडकून बसतं. तसं केल्यावर फरक पडला, पूर्ण गेला नाही.

वजनाचं पण लोक गृहीत धरतात की सिंथेटिक हलका. साच्यातला प्लास्टिकचा ९०० ग्रॅम ते किलोभर असतो, बारीक अक्रोडाचा किलो-सव्वा किलो, म्हणजे फरक असला तरी दोन-तीनशे ग्रॅमचा. खरा हलका हवा असेल तर कार्बनचा, तो ६००-८०० ग्रॅममध्ये येतो, पण किंमत ऐकून माणूस गप्प बसतो. शिसमाचा स्टॉक कुणी हौसेने करून घेतला तर तो मात्र चांगलाच जड होतो, शिसम अक्रोडापेक्षा बरंच घन आहे. आणि प्रोनमध्ये मारणाऱ्याला थोडं वजन हवंच असतं, हलक्या स्टॉकने रायफल पुढे जड होते आणि उभ्याने मारताना डावा हात लवकर थकतो, हे वजनकाट्यावर कळत नाही, खांद्याला लावल्यावर कळतं.

हाताला कसं लागतं हे प्रत्येकाचं वेगळं, मी माझं सांगतो. सकाळी थंडीत गालाला लाकूड बरं वाटतं, प्लास्टिक गारठलेलं असतं, आणि पोकळ बटवर गाल टेकवला की बोल्ट मारल्याचा आवाज डोक्यात घुमतो. उन्हाळ्यात घाम आला की गुळगुळीत प्लास्टिक हातात सरकतं, खरखरीत साचा असेल तर नाही. पोकळ बटमध्ये फोमचा तुकडा घट्ट कोंबला तर आवाज बराच बसतो.

दुरुस्तीत मात्र लाकूड जिंकतं आणि चांगल्या फरकाने. खड्डा पडला, धागे तुटलेले नाहीत फक्त दबलेत, तर जुन्या सुती चादरीचा तुकडा ओला करून पिळून त्यावर ठेवायचा आणि गरम इस्त्रीचं टोक काही सेकंद टेकवायचं, वाफ आत गेली की दबलेले धागे परत फुगतात, दोन-तीनदा केलं की खड्डा भरून येतो. वरचं फिनिश त्या जागी खराब होतं, ते परत लावायला लागतं. तडा गेला तर पातळ इपॉक्सी, तडा थोडा उघडून सिरिंजने आत, सायकलच्या जुन्या ट्यूबने गुंडाळून एक दिवस, आणि मनगटाजवळचा तडा असेल तर आडवी खिळी पण बसवायची. आपल्याकडे हे करणारे सुतार आहेत. साच्यातल्या प्लास्टिकला मनगटाला तडा गेला तर तो स्टॉक गेला समजा, चिकटवलेला स्टॉक रायफलला लावू नये. फायबरग्लासचा दुरुस्त होतो, कापड आणि इपॉक्सीने.

म्हणून माझं मत असं: आधीच चांगला लाकडी स्टॉक असेल, तडा नसेल, तर वरची तीन कामं करा आणि ठेवा, स्वस्तातल्या प्लास्टिकसाठी तो काढू नका. पावसात, चिखलात बाहेर रायफल वागवावी लागते, शेताच्या राखणीचं लायसन्स आहे, पुसायला वेळ नसतो, त्यांनी सिंथेटिकच घ्यावा, पण फोरएंड दाबून बघून. आणि नवीनच घ्यायचाय, पैसे मधले आहेत, तर लॅमिनेट बघा. पातळ लाकडी पापुद्रे गोंदाने एकावर एक दाबून केलेला असतो, प्रत्येक पापुद्रा वेगवेगळ्या दिशेने ओढतो त्यामुळे एका बाजूला वाकणं फारच कमी होतं, खड्डा इस्त्रीने बऱ्यापैकी निघतो, हाताला लाकूडच. वजन मात्र साध्या अक्रोडापेक्षा जास्त, दीड किलोपर्यंत जातो. आणि आतून कोरा असेल तर त्याला पण पीयू मारायचंच.

फोमच्या गन बॅगेबद्दल एक राहिलं. पावसातून आल्यावर रायफल बॅगेतच ठेवली तर फोम ओला राहतो आणि स्टॉक त्यातून दिवसेंदिवस ओलावा पितो, बॅरलला गंज येतो तो वेगळाच. घरी आलं की बाहेर काढा, पुसा, बॅग उघडी टाकून वाळवा, रायफल कुलुपाच्या कपाटात, सोबत सिलिका जेलची पिशवी. जेल आर्द्रता थोडी सावरतं पण भरलं की निरुपयोगी, रंग बदलणारं घ्या म्हणजे कळतं कधी परत तापवायचं.

ज्यांचा झिरो हलतोय त्यांनी विचारताना एवढं टाका: ग्रुप किती मिलिमीटर, कुठल्या बाजूला किती सरकला, कागद कुठे अडकला, आणि स्टॉकचं वजन.